भगर, वरई की समा?

आषाढी एकादशी जवळ आली की महाराष्ट्रात एकच धान्य तीन-चार नावांनी खपू लागतं. नाशिक, खानदेश, मराठवाडा, विदर्भ या पट्ट्यात लोक भगर मागतात. पुण्या-मुंबईकडे वरई म्हणतात, कोकणात वरी किंवा वऱ्याचे तांदूळ. वाण्याच्या दुकानात यामुळे कुणाचं काही अडत नाही. गिऱ्हाईक काहीही म्हणो, वाणी बरोबर त्याच पोत्यात माप घालतो. एखादी नवी सून वेगळ्या गावचं नाव घेऊन आली, तर तो तिला मूठभर दाणे दाखवतो आणि प्रश्न तिथेच मिटतो.

मोबाइलवरच्या दुकानात असा वाणी नसतो. तिथे एक रिकामी चौकट असते. गिऱ्हाइकाने तिच्यात टाइप केलेला शब्द मालाच्या नावात किंवा वर्णनात सापडला तर माल समोर येतो. नाही सापडला तर तो गोदामात भरलेला असूनही नसल्यातच जमा. मोठ्या बाजारपेठांच्या सर्चला काही समानार्थी शब्द शिकवलेले असतात. ‘ब्रिंजल’ लिहिणाऱ्याला आणि ‘एगप्लांट’ लिहिणाऱ्याला एकच भाजी दाखवायची, इतपत त्याला कळतं. पण वऱ्याचे तांदूळ आणि भगर एकच, हे त्याला कुणी सांगितलेलं असेलच याचा भरवसा नाही. विकणाऱ्यानेच ते लिहून ठेवावं लागतं.

लहान उत्पादकांसाठी मी मालाची नावं आणि वर्णनं लिहून देते. या कामात एक सल्ला फार ऐकू येतो: आठवतील तेवढी सगळी नावं शीर्षकात कोंबा, म्हणजे कुणीही शोधलं तरी सापडेल. भगरीच्या पिशव्यांची शीर्षकं बरेचदा त्याच सल्ल्यावर बेतलेली असतात. ‘भगर वरई वरी समा सामो मोरैयो मोरधन सांवा कुटकी व्रत के चावल’ अशी आगगाडी वाचली की पिशवीत नेमकं काय आहे ते वाचणाऱ्याला कळेनासं होतं. आणि खरी अडचण तर पुढेच आहे. या यादीतली सगळी नावं एका धान्याची नाहीतच.

महाराष्ट्राच्या डोंगराळ भागात जी वरई पिकते तिला इंग्रजीत लिटल मिलेट म्हणतात, शास्त्रीय नाव पॅनिकम सुमात्रेन्स. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने या पिकाचा जो वाण दिला त्याचं नावच ‘फुले एकादशी’ आहे. उत्तर भारतात नवरात्राच्या व्रताला जो समा किंवा सांवा शिजतो ते मात्र दुसरं धान्य, बार्नयार्ड मिलेट. उत्तराखंडात त्यालाच झंगोरा म्हणतात, आणि आपल्या कृषी विद्यापीठांच्या भाषेत ते बर्टी. दोन्हींचे दाणे बारीक, पांढरट. पॉलिश केल्यावर नवख्याला फरक ओळखू येत नाही आणि शिजवल्यावर तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे बाजाराने नावांची सरमिसळ करून टाकली आणि ती आता छापील पिशव्यांवरही दिसते. वरी हे नाव तर काही याद्यांमध्ये चेना या तिसऱ्याच भरडधान्यासमोर लिहिलेलं सापडतं.

आता दक्षिणेकडे जाऊ. तमिळमध्ये लिटल मिलेटला सामै म्हणतात, कन्नडमध्ये सामे, तेलुगूत सामलु. कानाला हे सगळे शब्द उत्तरेच्या समाचे सख्खे भाऊ वाटतात. पण सामै म्हणजे आपली भगर, आणि समा म्हणजे ती नव्हे. रोमन लिपीत एका ‘i’चा काय तो फरक, ‘sama’ आणि ‘samai’. नाशिकच्या विक्रेत्याने पहिला शब्द लिहिला तर लखनौचं गिऱ्हाईक चुकीच्या पिशवीपाशी येतं. दुसरा लिहिला तर कोइमतूरचं गिऱ्हाईक बरोबर पिशवीपाशी येतं. नुसत्या उच्चारावरून नावं गोळा करणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

म्हणून नावाआधी माल ओळखावा लागतो. समजा, नाशिक जिल्ह्यातला एक बचतगट गिरणीतून भगर घेऊन अर्ध्या किलोच्या पिशव्या भरतो आणि त्याला त्या देशभर विकायच्या आहेत. त्यांनी गिरणीवाल्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की कच्चा माल कुठून येतो आणि तो नक्की कोणता आहे. भावाचं नंतर पाहू. शक्य असेल तर सालासकट थोडा नमुना मागून घ्यावा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा, कारण साल असताना धान्याची जात ओळखणं सोपं जातं. पॉलिश केलेल्या दाण्यांवर डोळ्यांनी पैज लावू नये. उत्तर ‘लिटल मिलेट’ असं आलं, की निम्मी नावं आपोआप गळतात आणि उरलेल्यांवर काम करता येतं.

ही उरलेली नावं घरबसल्या सुचत नाहीत, ती लोकांच्या तोंडूनच घ्यावी लागतात. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले जुने प्रश्न ही त्यासाठी सगळ्यात चांगली खाण, कारण तिथे गिऱ्हाईक स्वतःच्या शब्दांत बोललेलं असतं. ‘ताई, वरीचे तांदूळ आहेत का’ हे वाक्य कुठल्याही शब्दकोशापेक्षा कामाचं. दुसरी जागा सर्चची चौकट. दोन-तीन अक्षरं टाइप करून थांबलं की खाली सूचनांची यादी उघडते, आणि ती लोकांनी खरोखर शोधलेल्या शब्दांतून बनलेली असते. तिसरी जागा गूगल ट्रेंड्स. तिथे दोन शब्द शेजारी ठेवले की कोणत्या राज्यात कोणता जास्त शोधला जातो ते दिसतं. मात्र तिथले 0 ते 100 हे आकडे फक्त तुलनेचे आहेत. शंभर म्हणजे शंभर माणसं नव्हेत, त्या काळातला सगळ्यात उंच बिंदू म्हणजे शंभर. शिवाय उपवासाच्या मालाचा आलेख सणागणिक उसळतो, म्हणून एका महिन्याचं चित्र पाहून निर्णय घेऊ नये. निदान वर्षभराचं पाहावं.

गोळा झालेल्या प्रत्येक शब्दाची मी एक साधी परीक्षा घेते. तो शब्द एकटाच चित्रांच्या सर्चमध्ये टाकायचा आणि पहिलं पान पाहायचं. ‘भगर’ टाकलं की पांढरे दाणे आणि वाफाळती ताटली दिसते, शब्द पास. ‘कुटकी’ हे लिटल मिलेटचं मध्य प्रदेश आणि छत्तीसगडातलं नाव, अगदी खरं नाव. पण कुटकी नावाची एक कडू औषधी मुळीही आहे, आयुर्वेदातली, हिमालयात मिळणारी. त्यामुळे पानावर धान्याबरोबर काळपट मुळ्यांचे तुकडे येतात. म्हणजे हा शब्द एकटा सोडायचा नाही. ‘कुटकी मिलेट’ किंवा ‘कोदो-कुटकी’ असा जोडीनेच वापरायचा. पानावरची निम्मी चित्रं भलत्याच वस्तूची असतील तर शब्द दुहेरी आहे, इतका हा सरळ हिशेब.

आता हे शब्द ठेवायचे कुठे? मालाच्या पानावर ढोबळपणे तीन जागा असतात: शीर्षक, वर्णन आणि गिऱ्हाइकाला न दिसणारा शोधशब्दांचा खाना. प्रत्येक जागा वेगळ्या प्रकारचं बोलणं बोलते. शीर्षक म्हणतं, ‘हे अमुक आहे.’ तिथे फक्त खरी नावं चालतात, तीही दोन किंवा फार तर तीन. आपल्या पिशवीचं रोमन शीर्षक मी असं लिहीन:

```
Bhagar / Varai – Little Millet for Upvas, 500 g
```

महाराष्ट्राची दोन मुख्य नावं, देशाला आणि परदेशाला कळणारं एक नाव, उपयोग आणि वजन, एवढं पुरे. पिशवीवर मालाचं सर्वसामान्य नाव छापणं वजनमापाच्या नियमांनुसार बंधनकारक आहेच, आणि अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो, त्यासोबत मराठी छापायला मोकळीक. पिशवीवर एक आणि स्क्रीनवर दुसरंच नाव असेल तर गिऱ्हाईक पिशवी हातात घेऊन गोंधळतं, म्हणून दोन्हीकडे मुख्य नाव एकच ठेवावं.

न दिसणाऱ्या खान्यात उरलेली खरी नावं जातात: ‘vari’, ‘varyache tandul’, ‘samai’, ‘saame’, ‘samalu’, ‘kutki millet’. शिवाय उपवासाचे शब्दही प्रांताप्रांतात वेगळे, तेही इथेच. आपला ‘upvas’ आणि ‘upwas’, गुजरात्यांचं ‘farali’, हिंदी पट्ट्याचं ‘vrat’. शीर्षकात एकदा आलेला शब्द इथे पुन्हा लिहून जागा दवडायची नाही.

आणि समा? तो शब्द टाकून द्यायचा का? अजिबात नाही. दिल्लीत राहणारी, शेजारणीकडून समाची खिचडी शिकलेली मराठी बाई तोच शब्द टाइप करणार. तिला आपली पिशवी दिसलीच पाहिजे, पण फसवून नव्हे. त्यासाठी वर्णनात एक वाक्य लिहायचं: ‘उत्तर भारतात उपवासाला वापरतात तो समा किंवा सांवा वेगळ्या जातीचा असतो, भगर साधारण त्याच्यासारखीच शिजते आणि खिचडी, डोसा, खीर यांना चालते.’ बऱ्याच ठिकाणी सर्च वर्णनातलेही शब्द पाहतो, त्यामुळे शोधणारीला पिशवी सापडते. वाचल्यावर काय मिळणार हेही तिला कळतं, आणि व्रताला ते चालतं की नाही हे ती स्वतः ठरवते. शीर्षकात जो शब्द खोटा ठरतो तोच वर्णनात फरक सांगणाऱ्या वाक्यात खरा ठरतो. माझ्या मते या सगळ्या कामातली मुख्य हातोटी हीच आहे. दुसऱ्याच्या गावचं नाव वापरायला हरकत नाही, फक्त ते ‘आहे’च्या जागी न ठेवता ‘सारखं’च्या जागी ठेवावं.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी इथे दोन तांत्रिक खाचखळगे आहेत, आणि ‘वऱ्याचे तांदूळ’ या बिचाऱ्या नावात ते दोन्ही सापडतात. पहिला जागेचा. शोधशब्दांच्या खान्याची मर्यादा काही बाजारपेठा अक्षरांत न मोजता बाइटमध्ये मोजतात. संगणकाच्या प्रचलित युनिकोड पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. त्या हिशेबाने ‘varyache tandul’ 15 बाइटांत बसतं आणि ‘वऱ्याचे तांदूळ’ 40 बाइट खातं. खाना दोनशे बाइटांचा असेल तर पाचव्या नावाला तो भरला. म्हणून देवनागरीतली एक-दोन महत्त्वाची नावं तिथे ठेवावीत आणि बाकीची वर्णनात लिहावीत, जिथे जागेची एवढी चणचण नसते.

दुसरा खळगा दिसतच नाही. ‘वऱ्याचे’ मधला तो अर्धचंद्रासारखा र टाइप करायचे दोन मार्ग आहेत. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन हलन्त देतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती निराळी अक्षरं वाटतात. ज्या सर्चमध्ये हे दोन्ही एकच मानायची सोय नाही तिथे एका कीबोर्डवरून लिहिलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधणाऱ्याला सापडत नाही. त्यात बरेच जण घाईत सरळ रफार देऊन ‘वर्याचे’ लिहितात, तांदूळमधला ऊकार ऱ्हस्व करतात. आपल्याच मालाचं नाव दोन वेगवेगळ्या फोनवरून शोधून पाहावं, दोष लगेच उघडा पडतो. शुद्धलेखनाचा कितीही आग्रह असला तरी न दिसणाऱ्या खान्यात अशुद्ध रूपं ठेवायला मी कचरत नाही. तिथे गिऱ्हाइकाची परीक्षा घ्यायची नसते.

कपड्यांकडे वळलं की याच गुंत्याला वेगळं वळण लागतं. धान्य निदान पिशवीत मावतं. कपडा कोण, कधी, कशावर घालतं यावर त्याचं नाव ठरतं. साडीखालचा परकर घ्या. हिंदी पट्ट्यात आणि दुकानदारीच्या भाषेत तो पेटीकोट, बिहार-बंगालकडे साया, गुजरातीत चणियो, तमिळनाडूत पावाडै किंवा सर्रास ‘इनस्कर्ट’, तेलुगूत लंगा. शिवणाऱ्या बाईला वाटतं, बरं झालं, सहा नावं मिळाली, सगळी लिहून टाकू. चित्रांची परीक्षा घेतली की मात्र यादी दोन भागांत फाटते. पेटीकोट, साया, इनस्कर्ट हे शब्द कपडा आत घालायचा आहे असंच सांगतात. चणियो, पावाडै, लंगा हे घेरदार वस्त्राचे शब्द आहेत, आतल्याचे आणि बाहेरच्याचेही. ‘चणिया’ टाकला की आरशांचं भरतकाम केलेले गरब्याचे घागरे येतात. पावाडै आणि लंगा म्हटलं की रेशमी जरीकाठाचे मुलींचे पोशाख.

साध्या सुती परकराच्या शीर्षकात ‘chaniya’ लिहिलं तर पुढे काय होतं ते पाहा. नवरात्राच्या आधी गुजरातेत आणि मुंबईत हजारो जणी तो शब्द शोधतात. त्यांच्यापुढे आपला पांढरा परकर येतो आणि त्या पुढे सरकतात. सर्चचा क्रम बराचसा या वागण्यावर ठरतो: माल किती वेळा दिसला, त्यातल्या किती जणींनी उघडला, किती जणींनी घेतला. पुष्कळ वेळा दिसून न उघडला जाणारा माल मागे ढकलला जाण्याचा धोका असतो, आणि मग पेटीकोट शोधणाऱ्या खऱ्या गिऱ्हाइकालाही तो खालच्या पानावर भेटतो. थोडक्यात, चुकीचा शब्द गिऱ्हाईक तर आणत नाहीच, आहे ते गिऱ्हाईकही दूर नेतो. म्हणून गुजराती गिऱ्हाइकासाठी ‘चणियो’ जाईल तो वर्णनातल्या ‘साडीच्या आत घालायचा चणियो’ अशा वाक्यात. तिथे शेजारचे शब्द त्याला ताळ्यावर ठेवतात.

आपला मराठी शब्दही काही निर्दोष नाही. परकर म्हणजे साडीखालचा, आणि परकर-पोलकं म्हणजे छोट्या मुलींचा सणाचा पोशाख. हा पोशाख शिवणाऱ्यांनी ‘परकर’ कधीही एकटा ठेवू नये, पोलकं सोबत हवंच. मुलीचं वयही हवं, कारण आजी शोधताना ‘पाच वर्षांच्या मुलीसाठी’ असंच लिहिते. आणि तोच पोशाख हैदराबादला ‘पट्टु लंगा’ किंवा ‘पट्टु परिकिणी’ म्हणून, चेन्नईला ‘पट्टु पावाडै’ म्हणून शोधतात. पट्टु म्हणजे रेशीम. आपला पोशाख सुती खणाचा असेल तर इथेही ती नावं शीर्षकाबाहेर ठेवायची.

खणाची तर रोमन लिपीने भलतीच थट्टा केली आहे. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला विणला जाणारा, चोळीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला हा कपडा गेल्या काही वर्षांत साड्या, कुर्ते, ड्रेस, पिशव्या, आकाशकंदील असा सगळीकडे पसरला. ‘खणाचा ड्रेस’ रोमनमध्ये लिहिला की होतो ‘khan dress’. काश्मीरमध्ये खान ड्रेस म्हणजे पुरुषांचा पठाणी धाटणीचा कुर्ता-सलवार. ण आणि न, दीर्घ आणि ऱ्हस्व, हे भेद रोमन लिपी गिळून टाकते आणि पुण्याची शिंपीण श्रीनगरच्या गिऱ्हाइकापुढे जाऊन उभी राहते. काही विक्रेते म्हणून ‘khun’ लिहितात. मराठी माणसाला ते स्पेलिंग वाचताना दचकायला होतं हे खरं, पण ते रुळलंय आणि लोक ते शोधतात, तेव्हा सोडून चालणार नाही. मी दोन्ही रूपं ठेवते आणि प्रत्येकाला दुसरा शब्द बांधते: ‘khun fabric’, ‘khan saree’, ‘khana blouse piece’. यातलं तिसरं कर्नाटकातल्या रूपावरून. एकटं ‘khan’ कुठेच नाही.

खाण्यातही असे चकवे आहेत. आपल्याकडे चिवडा म्हणजे फोडणीचा, शेंगदाणे-डाळं घातलेला. बिहारात चिउड़ा किंवा चूड़ा म्हणजे कोरडे पोहे, संक्रांतीला दह्यागुळाबरोबर खायचे. दही-चूड़ा करायला ‘chivda’ मागवणाऱ्याच्या वाट्याला हळद-हिंगाचा चिवडा आला तर दोष त्याचा नाही. इथे शीर्षकात ‘तळलेला’, ‘भाजका’, ‘तिखट’ अशी एखादी खूण असली की काम होतं. परदेशी विकणाऱ्यांनी कॉर्नफ्लोअरकडे लक्ष द्यावं. भारतात आणि ब्रिटनमध्ये ती मक्याची पांढरी स्टार्च, अमेरिकेत त्याच नावाने मक्याचं बारीक दळलेलं पीठ मिळतं आणि आपल्या कॉर्नफ्लोअरला ‘कॉर्नस्टार्च’ म्हणतात. कपड्यांत ‘व्हेस्ट’ची तीच गत: लंडनला बनियन, न्यूयॉर्कला कोटाखालचं जाकीट. अशा मालाचं शीर्षक देशागणिक वेगळं लिहावं लागतं, एकाच शीर्षकात दोन देश नांदत नाहीत.

यात काही नावं अशीही असतात की ती खूप शोधली जातात, आपल्या मालाला शोभतीलही, तरी वापरायची नाहीत. पैठणी, हापूस ही भौगोलिक मानांकन मिळालेली नावं. हापूसचं मानांकन 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी मिळालं. त्याच जातीचं झाड दुसऱ्या राज्यात लावलं तर फळ चांगलं येऊ शकेल, पण ते नाव त्याला मिळत नाही. मानांकनाचं नाव खोटेपणाने लावणं हा 1999 च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, त्यात कैदेचीही तरतूद आहे. इथे ‘सारखं’ची युक्तीही मी सहसा वापरत नाही. समा हे कुणाच्या मालकीचं नाव नव्हतं, फक्त दुसऱ्या धान्याचं होतं. पैठणी हे येवला-पैठणच्या विणकरांचं नाव आहे, आणि यंत्रमागावरची साडी त्याच्या सावलीत विकणं म्हणजे त्यांच्या गिऱ्हाइकाला हात घालणं. ‘यंत्रमागावर विणलेली, काठावर मोर आणि पदरावर पोपट’ असं सरळ लिहावं. ‘सेमी पैठणी’ हा शब्द बाजारात रूढ आहे, हे मला ठाऊक आहे. तो मला पळवाटच वाटतो.

सगळं लिहून झाल्यावर महिनाभराने मी तीन ठिकाणी पाहते. पहिलं, परत आलेल्या मालाची कारणं. ‘वेगळीच वस्तू आली’ हे कारण वारंवार दिसलं तर एखादा शब्द शीर्षकात खोटं बोलतोय, आणि बहुधा परतीचा पत्ताच सांगतो कोणता. भगर लखनौ-कानपूरहून परत येत असेल तर वर्णनातलं समाचं ते वाक्य फार खाली गेलंय, ते वर आणायचं. दुसरं, गिऱ्हाइकांचे प्रश्न. ‘हा वरून घालायचा आहे का’ असं परकराखाली कुणी विचारलं तर फोटो बदलायचा: साडीच्या निऱ्यांखाली दिसणारा परकर, एकटा लटकवलेला नव्हे. तिसरं, जाहिरात लावली असेल तर लोकांनी टाइप केलेल्या नेमक्या शब्दांचा अहवाल. त्यात कधी कधी आपल्याला न सुचलेली रूपं सापडतात, ‘bhagar tandul’, ‘upvasache tandul’, ‘varai rice’ अशी. ती उचलायची. जे शब्द पुष्कळदा दिसून एकही पिशवी विकत नाहीत ते काढायचे, पण उपवासाच्या मालाला निदान आषाढी, श्रावण आणि नवरात्र एवढी संधी देऊन मगच.